पाटलांचा टेरलीनचा शर्ट

सिराजोद्दीन मास्तर आयुष्यात एकच खोटं बोलले होते, आणि तेही दुसऱ्याच्या बायकोच्या सांगण्यावरून. पण खोटं असं चिवट की बावीस वर्षं झाली तरी विटलं नाही की उसवलं नाही.

टेंभुर्णीहून जाफराबादकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात मास्तरांचं शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, पिंपळाच्या पाराला लागून एक खोली, आत दोन मशिनी, आणि भिंतीवर गावातल्या निम्म्या माणसांची मापं खडूनं लिहिलेली. गावात कापडाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा. लग्नाचा बस्ता बांधायला जालन्याला गेलेली माणसंसुद्धा गाडीतून उतरली की आधी पारावर येत, गठ्ठा सोडत आणि विचारत, "मास्तर, फसलो का?" मास्तर कापड चिमटीत धरून चोळत, कानाशी नेत, आणि "फसले" किंवा "न्हाई फसले" एवढंच सांगत. त्यावर अपील नव्हतं.

अशा माणसानं खोटं बोलावं, ते रामराव पाटलांशी.

झालं होतं असं. बहात्तर साली रामरावांनी औरंगाबादहून टेरलीनचं पांढरं कापड आणलं. त्या काळी टेरलीनचा शर्ट म्हणजे अंगावर मोटारगाडी घातल्यासारखं होतं. मास्तरांनी शिवून दिला. रामरावांनी तो ऐन भादव्याच्या उकाड्यात चार दिवस अंगातून काढला नाही, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या पाठीवर मोहरी पेरावी तशी घामोळी उठली. तरी गडी ऐकेना. "इज्जतीचं कापड हाये, खाजणारच," म्हणाले. मग दुर्गाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, डोक्यावरचा पदर सावरत मास्तरांच्या दुकानी आल्या. हातात बारीक सुताचं पांढरं पॉपलीन होतं.

"भाऊजी, ह्याचा शर्ट शिवा. डिट्टो तसाच. आन् विचारलं तं टेरलीन म्हनून सांगा."

"वहिनी, पाटील ओळखतील की."

"ते बैलाचे दात ओळखत्यात. कापड मी ओळखते," दुर्गाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून हा कारभार सुरू होता. दुर्गाबाई शर्टाला साबुदाण्याची खळ घालत, नीळ देत आणि अशी कडक इस्त्री मारत की शर्ट जमिनीवर उभा राहावा. सुती कापड दुपारपर्यंत चुरगळतंच, म्हणून दुपारच्या जेवणानंतर दुसरा शर्ट हातात देत. "पाटलानं दिवसातून दोनदा शर्ट बदलावा, शोभतं," असं त्यांनी नवऱ्याच्या डोक्यात बसवलं होतं. एकदा रामरावांनी मास्तरांना विचारलं होतं, "सिराज, टेरलीनला सुरकुती पडत न्हाई म्हनतेत, मंग मला काहून पडती?" मास्तर म्हणाले, "पाटील, ती कापडाची न्हाई, तुमच्या पोटाची हाये." रामराव त्यावर खूश होऊन पोटावर हात फिरवत गेले होते. मास्तरांना मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नव्हतं.

घामोळी गेली ती गेलीच. "अंगाला टेरलीनची सवय व्हावी लागती," असं रामराव गावभर सांगू लागले. सांगोत बापडे. कुणाचं काय बिघडत होतं?

चौऱ्याण्णव सालच्या जुलैत ते बिघडलं.

गावातल्या शाळेला तपासणीसाठी साहेब आले आणि पोरांची रांग पाहून हसले. "तुमच्या शाळेत निळ्या रंगाचे सात प्रकार आहेत," म्हणाले. खरंच होतं. पोरींचे सुती स्कर्ट आणि पोरांच्या सुती चड्ड्या धुऊन धुऊन विटल्या होत्या. कुणाचं निळं राखाडी झालेलं, कुणाचं पार पांढरं. रामराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांना तो शेरा चाबकासारखा लागला. पंधरा ऑगस्टच्या आत सगळ्या पोरांना नवा ड्रेस, आणि तोही पॉलिस्टरचा, असा त्यांनी पण केला. जालन्याचा एक एजंट नमुने घेऊन आलाही. पॉलिस्टर म्हणजे आपलं जुनं टेरलीनच, हे कळल्यावर तर रामरावांना आभाळ ठेंगणं झालं.

ते तडक मास्तरांच्या दुकानी आले आणि स्टुलावर बसले.

"सिराज, बुधवारी पालकांची सभा हाये. एजंट म्हनतो तयार ड्रेस देतो. मी म्हनलो, कापड तुझं, पन शिलाई आमच्या सिराजचीच. एकशे चाळीस पोरं हायेत. दोन मशिनी उसन्या आन."

मास्तरांचा चेहरा उजळला. तयार कपड्यांच्या दुकानांनी त्यांचा धंदा कुरतडत आणला होता. एकशे चाळीस ड्रेस म्हणजे दुकानाला पुन्हा जीव आला असता.

"पन कापड कोन्तं?" त्यांनी विचारलं.

"पॉलिस्टर. तू फक्त सभेत एवढंच म्हन, कापड चांगलं हाये. तुझ्या शब्दावर गाव चालतं."

मास्तरांनी एजंटचा नमुना चिमटीत धरला. गुळगुळीत, गच्च विणलेला, शंभर टक्के पॉलिस्टर. दिसायला देखणा. पण शाळेची खोली पत्र्याची, एका वर्गात पन्नास पोरं, आणि पावसानं उघडीप दिली की हवा अशी दमट की भिंतींनाही घाम फुटावा. असल्या हवेत हे कापड घाम पिणार नाही, आत हवा येऊ देणार नाही. घाम अंगावरच राहणार.

"पाटील, पोरांना गरम व्हईल," मास्तर हळूच म्हणाले.

रामराव गडगडाटी हसले आणि आपल्या शर्टाची कॉलर धरून म्हणाले, "बावीस वर्सं हे अंगावर हाये. मला झालं का गरम? पोरांना काय व्हतंय मंग? सभेत मी हेच सांगनार हाये."

ते उठून गेले. मास्तर मात्र पायडलवर पाय ठेवून नुसतेच बसून राहिले. बावीस वर्षांत त्यांच्या त्या खोट्यानं कुणाचं नखभर नुकसान केलं नव्हतं. आता तेच खोटं पुरावा म्हणून उभं राहणार होतं, आणि त्याच्या जोरावर एकशे चाळीस पोरं पॉलिस्टरमध्ये जाणार होती. खरं सांगावं तर भर सभेत पाटलांचं हसं, दुर्गावहिनींचा विश्वासघात, शिलाई गेली आणि दोस्तीही गेली. न सांगावं तर पोरांच्या पाठीवर मोहरी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मास्तरांनी स्वतःच खोदलेली.

घरी खैरुनबी बटणांची काजं करत बसली होती. मास्तरांची बायको. तिला सगळं ठाऊक होतं.

"सच बोल दो जी," ती मान वर न करता म्हणाली.

"और पाटील?"

"पाटील को गुस्सा आएगा, उतर जाएगा. बच्चों की खुजली थोडी उतरती."

बुधवारी शाळेच्या पत्र्याच्या मोठ्या खोलीत सभा भरली. उकाडा असा की बायका पदरानं आणि पुरुष टोप्यांनी वारा घेत होते. एजंटनं हुशारी केली होती. पाचवीतल्या बेबीनंदाला पॉलिस्टरचा नवा ड्रेस घालून टेबलाशेजारी उभं केलं होतं. पोर दिसत होती झकास. स्कर्टाच्या चुण्या सुरीसारख्या उभ्या, शर्ट असा लखलखीत की समोर आरसा धरलाय असं वाटावं.

मुख्याध्यापक रामकिसन सर उभे राहिले. भला माणूस, पण प्रत्येक वादात मधोमध बसायची त्यांना फार हौस. "मी म्हणतो, मिश्र कापड घेऊ. टेरिकॉट. ह्या दुसऱ्या नमुन्याच्या काठावर छापलंय बघा, सदुसष्ट तेहेतीस. म्हणजे सदुसष्ट टक्के सूत. भरपूर झालं."

मास्तरांना राहवलं नाही. "सर, उलटं हाये ते. पयला आकडा पॉलिस्टरचा असतो. सूत तेहेतीस."

"अरेच्चा," सर म्हणाले आणि खाली बसले. गेल्या वर्षी याच हिशोबानं त्यांनी स्वतःसाठी चार शर्ट घेतले होते.

"मंग मास्तर, तुमीच सांगा ना नीट," मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तर पुढे आले. त्यांनी एजंटच्या दोन नमुन्यांशेजारी दुकानातून आणलेला सुती तुकडा ठेवला, तिन्हींचा एकेक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि काडी पेटवली. आधी सुताचा. धागा भस्सकन पेटला, कागद जळाल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली. फुंकर मारली तर उडून गेली. मग पॉलिस्टरचा. तो आगीपासून अंग चोरून मागे सरला, वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला टणक मणी झाला. मास्तरांनी तो मणी पहिल्या रांगेत फिरवला. कुणाच्या नखानं फुटेना. शेवटी टेरिकॉटचा. तो थोडा जळला, थोडा वितळला, आणि राखेत कडक कणी उरली. "ह्यो दोघांचा जावई," मास्तर म्हणाले. लोक हसले.

"आता ह्याच्यावर पानी टाकतो." त्यांनी सुती आणि पॉलिस्टर अशा दोन्ही नमुन्यांवर थेंब सोडले. सुतानं थेंब लगेच पिऊन टाकला. गुळगुळीत पॉलिस्टरवर तो डोळे वटारून तसाच बसून राहिला. "घामाचं बी आसंच. सूत पितंय. हे पीत न्हाई."

"पन वाळतंय ना लौकर!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. गोजरबाई उभी राहिली होती. बेबीनंदाची आई, दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणारी. "मास्तर, तुमचं समदं बराबर हाये. पन माझ्या पोरीला एकच ड्रेस. सांजच्याला धुते, सकाळी घालायचा. पावसाळ्यात ते सुती सकाळी बी वलंच. गेल्या साली पोर वला घालून गेल्ती आन् तापानं फणफणली. मला पॉलिस्टर पायजे."

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. घालणाऱ्याचा विचार त्यांनी चाळीस वर्षं केला होता. वाळत घालणारीचा कधी केलाच नव्हता. बाई खरं बोलत होती, आणि कितीतरी माना तिच्या बाजूनं हलत होत्या.

एवढी संधी रामराव कशाला सोडतात? ते उठले.

"ऐका. काडी पेटवून काय व्हतंय? मी हाये ना पुरावा! हा माझा शर्ट. टेरलीन. बावीस वर्सं झाली. उन्हाळा बघत न्हाई, पावसाळा बघत न्हाई. घामोळी न्हाई, खाज न्हाई. अंग कसं गार. सिराजनंच शिवलेत समदे. इचारा त्याला."

सगळी सभा मास्तरांकडे वळली. मास्तरांनी चोरून बायकांच्या बाजूला पाहिलं. दुर्गाबाई पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला होता, आणि डोळ्यांनी काय सांगत होत्या ते मास्तरांना काही केल्या उमगेना.

"सांग ना रे," रामराव म्हणाले. "बरं, सांगू नको. माझ्याच शर्टाचा धागा काढ आन् जाळून दाखव. मनी व्हतो का न्हाई ते बघू दे लोकांला."

"पाटील, नको. चांगला शर्ट हाये," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"काढ म्हनतो ना!" रामरावांनी शर्टाचा घेर पुढे केला.

मास्तर वाकले आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अंगठ्याला मघाच्या पॉलिस्टरचा एक उरलेला धागा चिकटलेला आहे. पांढराच, तेवढ्याच लांबीचा. घेर चिमटीत धरायचा, धागा ओढल्यासारखं करायचं आणि हा जाळायचा. झकास मणी होईल. पाटलांची अब्रू शाबूत, वहिनींचं गुपित शाबूत, शिलाई शाबूत. चाळीस वर्षं बोटांनी कसब कमावलेलं, कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्यांनी मान वर केली तर समोर बेबीनंदा. बिचारी मघापासून एका जागी उभी होती. शर्ट पाठीला चिकटला होता, कपाळावरून धारा चालल्या होत्या, आणि कुणी बघत नाही असं पाहून ती कॉलरमध्ये बोट घालून मान कराकरा खाजवत होती. मान लालबुंद झाली होती. एजंटनं डोळे मोठे केले की पोर हात खाली घ्यायची आणि पुन्हा हसायची. मास्तरांना ते हसू बघवलं नाही. त्यांनी अंगठा पायजम्याला पुसला, तो धागा झटकून टाकला आणि पाटलांच्या शर्टाच्या घेरातून खरा धागा ओढला.

काडी पेटली. धागा भस्सकन जळाला. कागदाचा वास आला. मास्तरांनी फुंकर मारली आणि बावीस वर्षांची राख पत्र्याच्या खोलीत उडून गेली.

रामराव चिमट्याकडे बघत राहिले, जणू मणी कुठे खाली पडला असावा.

"सिराज," ते म्हणाले, "मनी कुठाय?"

"मनी न्हाई पाटील. सुती हाये. समदे सुतीच व्हते. मी खोटं बोललो. माझी चूक हाये."

"त्यांची न्हाई." दुर्गाबाई उभ्या राहिल्या. "कापड मी आनून देल्तं. चार रात्री तुमची पाठ खाजवून माझी नखं झिजली व्हती. सांगून तुमी ऐकलं असतं का? टेरलीन म्हनलं की घातलं बराबर!"

आता मात्र हसण्याचा असा फवारा उडाला की पत्रे वाजले. रामकिसन सर वहीत तोंड घालून हसले, एजंट हसला, बेबीनंदासुद्धा हसली. रामराव हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग दुर्गाबाईंकडे पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यांची पाठमोरी पांढरी आकृती शाळेच्या पटांगणातून जाताना मास्तर दारात येऊन बघत राहिले.

हसणं ओसरल्यावर गोजरबाईच पुन्हा बोलली. बाई हिशोबाची पक्की. "मास्तर, मी इचार करून राह्यले. सुती शर्ट पातळ असला तं रात्रीतून वाळतो. पन ती जाड चड्डी आन् स्कर्टच वाळत न्हाई. वलं तेच ऱ्हातं."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "मंग वर सुती घ्या आन् खाली टेरिकॉट! घाम पाठीला येतो, काखेत येतो. तिथं सूत. खाली टेरिकॉट. लौकर वाळंल, रंग उडनार न्हाई, चुन्या बी ऱ्हातील. साहेबाला एकच निळा दिसंल." मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "शर्टाचं कापड मी आधी भिजवून वाळवून घेईन आन् मंग कातर लावीन. न्हाईतर पयल्याच धुन्यात पोरांची पोटं उघडी."

सभेला पटलं. पण ठरावावर अध्यक्षांची सही लागते, आणि अध्यक्ष तर निघून गेले होते.

दोन दिवस रामराव घराबाहेर पडले नाहीत. गावात मात्र त्यांच्या शर्टाखेरीज दुसरा विषय नव्हता. मास्तरांनी एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरण्याचा पराक्रम केला. सकाळ-संध्याकाळ पारावर येऊन बसणारा, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा, प्रत्येक बातमीत स्वतःचं मत घुसवणारा माणूस नाही म्हटल्यावर दुकान ओकंबोकं झालं. शिलाईचं मास्तरांना आता सुचतही नव्हतं. आपण दोस्ताला भर सभेत उघडं पाडलं, एवढंच त्यांना टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी रामराव आले. अंगात धोतरावर नुसती बंडी. काखेत कागदाचं पुडकं. स्टुलावर बसले आणि आधी एक घडी घातलेला कागद टाकला. ठराव होता. खाली सही.

"शर्ट सुती, खाली टेरिकॉट. शिलाई तुझी. माझ्यामुळं पोरांच्या पाठी खाजू नयेत."

"पाटील..."

"बोलू नको. मी अजून रागात हाये." मग त्यांनी पुडकं सोडलं. आत चमचमतं पांढरं कापड होतं. "जाफराबादहून आनलंय. आधी जाळून दाखव."

मास्तरांनी धागा ओढून जाळला. धूर निघाला, टणक मणी झाला. रामरावांनी तो तळहातावर घेतला, दाबून पाहिला आणि लहान पोरासारखे खूश झाले.

"ह्याचा मला शर्ट शिव. पोरांना सुती, मला टेरलीन."

"काहून पाटील? त्रास व्हईल."

रामरावांनी कापडावरून हात फिरवला. "माझ्या बापाच्या रानात कापसाचे ढीग लागायचे," मग ते म्हणाले, "आन् मला शाळेत घालायला कंट्रोलचं, रेशनवरचं मांजरपाट. पोत्यासारखं. सावकाराच्या पोराचा सदरा चमकायचा. तो मला म्हनायचा, तुला गोनीत भरून आनलंय का रे. मी तव्हाच ठरवलं, मोठं झाल्यावर चमकनारं घालीन. बावीस वर्सं वाटलं, घातलं. आता कळलं की ते चार दिवस सोडले तं न्हाई घातलं. आता तरी खरं घालू दे मला."

मास्तरांनी टेप उचलली आणि माप घेतलं. शर्ट शिवताना काखेत बोटभर जास्त ढील ठेवली, बाजूचे काप लांब घेतले, म्हणजे निदान खालून वारा शिरावा. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

पुढचे तीन आठवडे खैरुनबीची बोटं आणि चार मशिनी थांबल्या नाहीत. पंधरा ऑगस्टला पटांगणात एकशे चाळीस पोरं उभी राहिली. वर पांढरंशुभ्र सूत, खाली एकच निळा. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी ऊन तापलेलं, आणि जमिनीतून वाफ निघत होती. झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं, कवायत झाली. पोरांना घाम आला, कापडानं पिऊन टाकला आणि वाऱ्याची झुळूक आली तसा वाळलाही. शर्ट चुरगळले होते, पण कुणी मान खाजवत नव्हतं. बेबीनंदा लेझीम खेळली आणि वर धापा टाकत दोन लाडू मागून घेतले.

अध्यक्षांचं भाषण होतं. रामराव नवा शर्ट घालून उभे राहिले. शर्ट असा चमकत होता की पहिल्या रांगेतल्या पोरांनी डोळे बारीक केले. एकही सुरकुती नाही. पहिल्या पाच मिनिटांत पाठीवर शर्ट चिकटला. दहाव्या मिनिटाला बनियनच्या शिवणी मोजता येऊ लागल्या. पंधराव्या मिनिटाला कोपरावरून थेंब टपकू लागले. अजून शाळेत न घातलेल्या एका चिमुरड्यानं, जो भावाबरोबर लाडवासाठी आला होता, मोठ्यानं विचारलं, "आबा इहिरीत पडल्ते का?" रामरावांनी ऐकलं, पण देशाच्या प्रगतीवरचं भाषण पूर्ण केलं, एक शब्द न गाळता. ताठ उभे राहून. मास्तरांना त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

कार्यक्रम संपल्यावर रामराव मास्तरांच्या शेजारी, पत्र्याच्या सावलीत येऊन बसले. सावलीत बसूनही निथळत होते. समोर दुर्गाबाई बायकांमध्ये उभ्या होत्या आणि मुद्दाम इकडे बघत नव्हत्या.

"गरम व्हतंय का पाटील?" मास्तरांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई." रामरावांनी पाठ भिंतीला घासली. डावीकडे घासली, उजवीकडे घासली. मग सावध होऊन आजूबाजूला पाहिलं आणि मास्तरांच्या कानाशी वाकले.

"सिराज, दोन शर्ट शिव. जुनेच, सुती. जल्दी. दुर्गाला सांग, टेरलीनचेच हायेत."

"पाटील, वहिनीच धुनार, वहिनीच खळ घालनार. हात लावल्या लावल्या वळखतील त्या."

"वळखू दे," रामराव म्हणाले. "वळखून बी ती गप बसंल. बावीस वर्सं बसली न्हाई का? पन तू सांगायचं टेरलीनच."

मास्तरांनी एकदा दुर्गाबाईंकडे पाहिलं. त्या आता इकडेच बघत होत्या, पदराआड हसत.

"बरं," मास्तर म्हणाले, "टेरलीनच सांगतो," आणि माप घ्यायला टेप काढली.